प्लॉटच्या जाहिरातीतील चार ओळी लिहिताना

वडिलांनी 1996 साली मानेवाडा रिंगरोडच्या पुढच्या एका लेआउटमध्ये घेतलेला प्लॉट विकायचे आम्ही ठरवले, तेव्हा जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ओळखीच्या दलालाने पाठवलेला मसुदा असा होता: "1500 फुटांचा क्लिअर टायटल, मंजूर प्लॉट, मिहानपासून 10 मिनिटे, दोन वर्षांत भाव दुप्पट." यातला कोणता शब्द कोणत्या कागदावर उभा आहे, हे मी आईच्या लोखंडी कपाटातील फाइल उघडून तपासायला बसलो.

पहिला अडथळा क्षेत्रफळाचाच आला. विक्रीपत्रात 1500 चौरस फूट, म्हणजे 139.35 चौरस मीटर लिहिले होते. नागपूर सुधार प्रन्यासच्या नियमितीकरण पत्रात, ज्याला आपल्याकडे सगळे आर.एल. म्हणतात, त्यात मात्र 134.20 चौरस मीटर होते, म्हणजे साधारण 1444 चौरस फूट. आमचा लेआउट 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाला आणि त्या नकाशात समोरचा रस्ता रुंद धरल्यामुळे प्रत्येक प्लॉटची पुढची पट्टी रस्त्यात गेली, हे नकाशाची प्रत शेजारी ठेवल्यावर लक्षात आले. तरीही खात्री करावी म्हणून ताई आणि मी गाजरगवत उपटून मागचे हद्दीचे दगड मोकळे केले आणि टेप लावला. रुंदी 30 फूट भरली, खोली मात्र 50 ऐवजी 48 फुटांच्या जरा वर. तीस वर्षे घरात "पंधराशे फुटांचा प्लॉट" म्हणत आलो होतो, म्हणून आईला हे पचायला वेळ लागला. पण गिऱ्हाइकाकडून 55 फुटांचे पैसे जास्त घेणे तिलाही मान्य नव्हते.

"मंजूर" हा शब्द मला सर्वांत धोक्याचा वाटतो. आर.एल. असणे म्हणजे प्लॉट नियमित झाला. घर बांधण्याची परवानगी त्यात येत नाही, ती नकाशा दाखल करून वेगळी घ्यावी लागते. नुसते "मंजूर" लिहिले, की वाचणारा दोन्ही गृहीत धरतो आणि इसार दिल्यावर वाद सुरू होतो. म्हणून कोणत्या कागदाने काय मिळाले आहे आणि काय बाकी आहे, ते सांगणारे वाक्य मी लिहिले.

"क्लिअर टायटल" लिहिण्याआधी वकिलांनी 30 वर्षांचा शोध अहवाल काढला. त्यात बोजा निघाला नाही, पण वडिलांच्या पश्चात आई, ताई आणि मी असे तिघे वारस असल्यामुळे, तिघांच्याही सह्या होणार आहेत हे मजकुरातच सांगा, असे त्यांनी सुचवले. ताईने हक्कसोडपत्र केलेले नव्हते आणि आम्ही ते मागितलेही नाही.

भावाची ओळ मी सरळ काढली. दलाल म्हणाले, "भाऊ, एवढं कोरडं लिहिलं तर गिऱ्हाईक येईल काय?" दोन वर्षांनंतरचा भाव मला ठाऊक नाही आणि तो दाखवायला माझ्याकडे एकही कागद नाही, असे मी त्यांना सांगितले. मिहानचे अंतरही काढले, कारण संध्याकाळच्या रहदारीत तिथून यायला मला तासाचा बराच भाग लागला होता. शेवटी हा मजकूर ठरला:

"मानेवाडा रिंगरोडपलीकडे निवासी प्लॉट विक्रीस. क्षेत्र नियमितीकरण पत्राप्रमाणे 134.20 चौ. मी. (सुमारे 1444 चौ. फूट), जुन्या विक्रीपत्रात 1500 चौ. फूट नमूद आहे, फरक रस्त्यात गेलेल्या जागेचा. नासुप्रचे आर.एल. आहे, विकास शुल्क भरल्याची पावती आहे. बांधकाम परवानगी खरेदीदाराने घ्यायची आहे. 30 वर्षांचा शोध अहवाल उपलब्ध, कर्ज अथवा बोजा नाही. तिन्ही वारस विक्रीपत्रावर सही करतील. समोरचा रस्ता मुरमाचा आहे. जागा पाहण्यासाठी: शनिवार 14 व रविवार 15 फेब्रुवारी, सकाळी 8 ते 11. मूळ कागद जागेवर पाहता येतील, प्रती वकिलांसाठी देऊ."

तारखा ठरवतानाही विचार करावा लागला. "कधीही या" म्हटले, की माणूस आमच्याशिवाय जातो आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटलाच आमचा समजून परततो. दोन ठरलेल्या सकाळी आम्ही चारही दगडांना चुना लावला, आई फाइल घेऊन खुर्चीवर बसली.

एकूण सात कुटुंबे आली. त्यांपैकी एक निवृत्त शिक्षक स्वतःचा टेप घेऊन आले होते. त्यांनी खोली मोजली, आकडा मजकुराशी जुळवला आणि आर.एल.ची प्रत वकिलांकडे नेली. तीन आठवड्यांनी इसारपत्र झाले, तेव्हा क्षेत्राच्या रकान्यात 134.20 हाच आकडा होता आणि खाली तिघांच्या सह्यांपैकी पहिली आईची होती.