सुविचाराच्या फळ्यावरची ओळ

शाळेच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी एक लहान फळा होता. वर पिवळ्या रंगात ‘आजचा सुविचार’ असं कायमचं लिहिलेलं आणि खाली एक ओळ मावेल एवढी जागा. खडूचं मोठं अक्षर काढलं तर नऊ-दहा शब्दांत फळा संपायचा. स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं तेव्हा मला इमारत, मैदान, स्नेहसंमेलन यांच्या आधी हा फळा आठवला.

नववीत असताना मराठीच्या सरांनी जुलै महिन्यात तो फळा आमच्या वर्गासाठी मागून घेतला. ‘वेळ हेच धन’ वाचून वाचून त्यांना कंटाळा आला होता म्हणे. अट एकच: रोज एकाने एका ओळीची कविता लिहायची. मथळा नाही, खाली नाव नाही, दुसरी ओळ नाही. फळ्यावर मावली पाहिजे आणि जिन्याकडे निघालेल्याला चालता चालता वाचून एक अख्खा प्रसंग दिसला पाहिजे.

सुरुवातीचे दोन आठवडे फजितीत गेले. आम्ही जे लिहून नेत होतो ते एक तर सुविचारच असायचं (‘पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो’), नाही तर गोष्टीची पहिली ओळ. ‘रात्री दोन वाजता दारावर थाप पडली’ ही ओळ एकाने फार अभिमानाने आणली होती. सर म्हणाले, “अबे, मग पुढं काय झालं?” तो सांगू लागला. सरांनी त्याला तिथेच थांबवलं. ऐकणाऱ्याला ‘मग काय झालं’ विचारावंसं वाटलं तर ती गोष्टीची सुरुवात. ‘हो, बरोबर आहे’ म्हणून मान डोलावावीशी वाटली तर तो सुविचार. वाचणारा क्षणभर गप्प झाला आणि त्या जागी जाऊन उभा राहिला, तर ती आपल्या फळ्याची ओळ. ही परीक्षा मी आजही वापरतो, आणि बहुतेक वेळा नापास होतो.

त्या वर्षी मे महिन्यात माझे आजोबा गेले होते. ऐन नवतपा. आपल्याकडे शाळा उघडते ती थेट जूनच्या शेवटी, त्यामुळे तो सगळा महिना मी घरातच होतो. माझी पाळी आली तेव्हा मी ही ओळ नेली: ‘नवतप्याच्या भयाण उन्हात आजोबा आम्हाला सोडून गेले आणि त्यांची रिकामी खोली पाहून आईला रडू आलं पण सवयीने तिने त्यांच्या कूलरमध्ये पाणी टाकलं.’

बावीस शब्द. फळ्यावर मावण्याचा प्रश्नच नव्हता. पण सरांची तक्रार लांबीबद्दल नव्हती. त्यांनी लाल पेनने ‘गेले’, ‘आलं’ आणि ‘टाकलं’ या तीन क्रियापदांखाली रेघा मारल्या. “ही तीन वाक्यं आहेत. ‘आणि’, ‘पण’ची दोरी बांधून तू त्यांचा एक गठ्ठा केला. पूर्णविराम एक दिला म्हणून वाक्य एक होत नाही.” यातलं कोणतं क्रियापद ठेवणार, असं त्यांनी विचारलं. मी ‘गेले’ म्हणालो, कारण मोठी घटना तीच होती. ते म्हणाले, “गेले ते सगळ्यांचेच जातात. कूलर कोणी भरला?”

इथे थोडं थांबून सांगतो, कारण मराठीत एका वाक्याची कविता करणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे वाचणारा कर्ता, वेळ, जागा, वस्तू सगळं हातात धरून चालत असतो आणि ते सगळं कशासाठी हे त्याला अगदी शेवटच्या शब्दाला कळतं. शेवटचं क्रियापद ‘वाटलं’, ‘आठवलं’, ‘झालं’ असं पोकळ निघालं तर आधीचं सगळं ओझं वाया. ते हाताने करण्याचं काम असलं, भरणं, पुसणं, झाकणं, तर चित्र त्या शब्दावर येऊन पक्कं होतं. मधल्या बारीकसारीक क्रिया ‘उचलून’, ‘येताच’, ‘बसलेला’ अशा रूपांत वाक्य न तोडता आत घालता येतात, पण दोनपेक्षा जास्त घातल्या की वाचणारा मोजू लागतो आणि बघायचं विसरतो.

दुसऱ्या दिवशी मी नेलं: ‘आजोबा गेल्यावरही आई रोज दुपारी सवयीने त्यांच्या रिकाम्या खोलीतला कूलर भरते.’ आता क्रियापद एक होतं. मला वाटलं, झालं काम. सरांनी वही हातात धरून ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “यात मला काही दिसून नाही राहिलं.”

दोष दोन होते. पहिला ‘रोज’ आणि ‘भरते’चा. ‘रोज भरते’ म्हटलं की ती आईबद्दलची माहिती होते, तिच्यात एकही दुपार नसते. प्रसंग दिसायला तो एकदाच घडावा लागतो: एक दिवस, एक वेळ, भूतकाळ. दुसरा दोष जास्त खोल होता. ‘सवयीने’, ‘रिकाम्या’ आणि ‘गेल्यावरही’मधला तो ‘ही’ हे तिन्ही शब्द वाचणाऱ्याच्या कानात सांगत होते की इथे तुला वाईट वाटायला पाहिजे. ‘ही’ तर एवढासा, पण सगळ्यात चोंबडा. सरांनी तो खोडला तेव्हा मला खरंच राग आला, कारण माझ्या मते सगळी कविता त्या ‘ही’मध्येच होती.

मग ते शब्द गेल्यावर आजोबा नाहीत हे कळणार कसं? तासाची घंटा झाली तरी आम्ही याच्यावरच अडलो होतो. सरांनी विचारलं, हे नेमकं कोणत्या दिवशी झालं? मी म्हणालो, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे आदल्या संध्याकाळी निघून गेले होते. सरांनी खडू माझ्याकडे दिला. “तेच लिही. आणखी काय पाहिजे?”

फळ्यावर गेलेली ओळ ही:

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनला, आईने आजोबांचा कूलर भरला.

नऊ शब्द. ‘तेरवी’ या एका शब्दात मृत्यू आला, मधले दिवस आले, पाहुण्यांचा गलबला आला आणि ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणताच ते घर शांत झालं. ‘कूलरमध्ये पाणी टाकलं’ऐवजी ‘कूलर भरला’ ही मुद्दाम केलेली दुरुस्ती. नागपुरात कोणी ‘कूलरमध्ये पाणी टाकलं का’ विचारत नाही, ‘कूलर भरला का’ विचारतात. आणि ते दोन स्वल्पविराम. माझी वर्गमैत्रीण म्हणाली होती की ते काढून टाक, वाक्य सरळ वाचता येतं. पण मोठ्याने वाचलं की आपण तिथे आपोआप थांबतो, दोन पायऱ्या उतरून त्या दुपारपाशी येतो. मराठी हायकूत हे थांबणं ओळ तोडून साधतात. जपानी हायकू मात्र परंपरेने उभ्या एकाच ओळीत लिहिला जातो आणि तिथला थांबा शब्दांतूनच येतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आम्ही हायकू म्हणजे तीन ओळी असंच घोकलं होतं.

एक खोट त्या ओळीत राहिलीच होती आणि ती मागच्या बाकावरच्या एका पोट्ट्याने काढली. तेरवी आजीची असली तर? मग आजोबा जिवंत आहेत, त्यांना उकडतंय आणि आई कूलर भरते, एवढंच. व्याकरणाने त्याचं म्हणणं बरोबर होतं. सर हसले आणि म्हणाले, चला, विचारून पाहू. आमच्या शिपाईकाकांना त्यांनी फळ्यासमोर उभं केलं आणि काही न सांगता ओळ वाचायला लावली. काकांनी सावकाश वाचली, मग म्हणाले, “म्हातारा खाट कूलरच्या पुढंच टाकत असंल.” खाट ओळीत कुठेच नव्हती, आणि ‘असंल’ म्हणत असले तरी म्हातारा उरला नाही हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मागच्या बाकावरचा गप्प बसला. मला मात्र त्याची शंका अजून बरोबर वाटते. कूलर कधी पाहिलाच नाही अशा कोकणातल्या माणसाला ही ओळ अर्धीच पोचेल, हेही मला मान्य आहे.

एका ओळीत किती बाहेर ठेवायचं याचा अंदाज चुकला तर काय होतं, त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण पुढे वाचनात आलं. रशियन कवी ब्र्यूसॉव्हने 1895 मध्ये एकाच ओळीची कविता छापली. तिच्यात कोणाला तरी आपले फिकट पाय झाकायला सांगितलं आहे, बस्स. लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली आणि पाय कोणाचे यावर तर्क लढवले. तिथे क्रियापद आहे, वस्तू आहे, रंगसुद्धा आहे, पण दिवस नाही, जागा नाही. माझ्या मते ‘तेरवीच्या दुसऱ्या दिवशी’सारखे तीन शब्द असते तर कदाचित हसले नसते. मोठ्या कवीबद्दल असं बोलू नये, पण सरांनी ती ओळ नक्कीच परत पाठवली असती.

त्या वर्षीची सगळ्यात चांगली ओळ माझी नव्हतीच. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत निघाले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्याच मागच्या बाकावरच्याने ‘घाबरलेल्या पोराने’ अशी सुरुवात असलेली काहीतरी लांबलचक ओळ आणली. या वेळी सरांनी काही केलं नाही, त्यानेच उभ्या उभ्या खोडत खोडत ती इथवर आणली: ‘मारबत येताना खांद्यावरच्या पोट्ट्याने बापाचे डोळे झाकले.’ ‘घाबरलेल्या’ गेलं आणि भीती दुप्पट झाली. पोट्टा स्वतःचे डोळे झाकेल अशी आपली अपेक्षा असते. तो मिळेल ते डोकं घट्ट धरतो आणि गर्दीत बाप आंधळा होतो. सात शब्द. मुख्याध्यापकांनी ती ओळ दोन दिवस पुसू दिली नाही.

माझी ओळ मी घरी सांगितली नव्हती. या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा आईला पहिल्यांदा वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती.

“दोनला कुठं रे? अडीच वाजून गेले होते,” ती म्हणाली. “आणि पाणी नसतं टाकलं तर पंप जळला असता नं.”

“म्हणजे कूलर चालू होता?”

“हो. तुझ्या बाबांनी सकाळीच लावून ठेवला होता. त्या खोलीत कोणी नव्हतं, तरी.”

त्यावर आतापर्यंत अकरा ओळी लिहून झाल्या. प्रत्येकीत कुठे ना कुठे तो ‘तरी’ शिरतोच.