आमची वाटचाल: इतवारीच्या दुकानातून वाडीच्या गोडाऊनपर्यंत

आमचा धंदा इलेक्ट्रिकल सामान आणि कूलरच्या सुट्या भागांचा. वर्धा, भंडारा, यवतमाळ, चंद्रपूरचे दुकानदार दुपारपर्यंत ऑर्डर देतात आणि संध्याकाळी ट्रान्सपोर्टची गाडी निघायच्या आत पेट्या बांधून तयार लागतात. नागपुरात इतवारीतली जागा अपुरी पडू लागली म्हणून वाडीला गोडाऊन घेतलं. माल लावायची पद्धत मात्र दुकानातलीच सोबत आली: कंपनीप्रमाणे रॅक. दुकानात ती चालते, कारण दोन पावलांवर सगळं हाताशी असतं. गोडाऊनमध्ये मुलांचा बहुतेक वेळ चालण्यात जाऊ लागला.

पुढे कोणता माल ठेवायचा, हा पहिला प्रश्न. रुपयांत सगळ्यात मोठी विक्री वायरची, म्हणून वायर दाराशी असावी असं कुणालाही वाटेल. आम्ही तीन महिन्यांची बिलं एक्सेलमध्ये घेतली आणि प्रत्येक वस्तू किती बिलांत येते, एवढंच मोजलं. किती नग गेले ते नाही, किती रुपये आले तेही नाही. एका दुकानदाराने वायरच्या 40 कॉइल मागवल्या तरी ट्रॉली घेऊन माणूस त्या खणापाशी एकदाच जातो. पण 40 दुकानदारांनी पंख्याच्या 2.5 एमएफडी कपॅसिटरचं एकेक पाकीट मागवलं, तर फेऱ्या 40 होऊ शकतात. या हिशेबाने कपॅसिटर पहिल्या रांगेत आला आणि वायर मागे गेली. वायर जड, म्हणून ती मागच्या भिंतीलगत जमिनीवरच, ट्रॉली थेट लागेल अशी.

नुसतं एवढ्यानं मात्र चालणं फारसं कमी होत नाही. कपॅसिटर पॅकिंगच्या टेबलापासून 30 मीटरवर होता, तो 8 मीटरवर आला. कागदावर जाऊन-येऊन 44 मीटर वाचले. पण माणूस एका फेरीत पाच-सात वस्तू गोळा करतो. त्यातली एक जरी मागच्या गल्लीत राहिली, तर त्याला तिथवर जावंच लागतं आणि वाचलेलं अंतर परत येतं. म्हणून एकत्र मागवल्या जाणाऱ्या वस्तू एका गल्लीत आणल्या. पंखा दुरुस्तीवाला कपॅसिटर, बेअरिंग, रेग्युलेटर सोबत नेतो. कूलरवाला पंप, पाइप, फ्लोट. कंपनी कुठलीही असो, हे शेजारी शेजारी.

मग खणांना नंबर. आमचे जुने गोडाऊनवाले काका म्हणाले, "भाऊ, मले सगळं पाठ आहे, नंबर कायले लावता?" त्यांना खरोखरच पाठ होतं. नंबर नवीन मुलांसाठी हवे होते, आणि काका सुट्टीवर असतील त्या दिवसासाठी. `B-07-3-2` म्हणजे B गल्ली, सातवा रॅक, खालून तिसरा कप्पा, डावीकडून दुसरा खण. 7 न लिहिता 07 लिहायचं कारण असं की कॉम्प्युटर अशा कोडकडे अक्षरं म्हणून बघतो आणि 10 ला 7 च्या आधी लावतो. शिवाय माणूस A गल्लीतून आत गेला की B मधून बाहेर येतो, म्हणून B चे रॅक पिकिंग लिस्टवर उलट्या क्रमाने छापले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक खणाला वेगळा 'चालण्याचा क्रमांक' दिला आणि लिस्ट त्यावर लावली. काकांनीच तो क्रम प्रत्यक्ष चालून तपासला.

कंबर ते खांदा या उंचीचे कप्पे सारखा हात लागणाऱ्या मालासाठी राखले. तिथली जागा मोलाची, म्हणून मोह होतो की प्रत्येक वस्तूला छोटा खण द्यावा. पण खण दुपारीच रिकामा झाला तर मुलगा शिडी लावून वरच्या साठ्याची पेटी फोडतो आणि चालण्यात वाचलेला वेळ शिडीवर जातो. खणात निदान दीड दिवसाचा माल मावावा, आणि तो सकाळी ऑर्डर यायच्या आधी भरावा, असा आमचा नियम आहे. लिस्टवर 'खाली', म्हणजे खण रिकामा, अशी खूण एकाच वस्तूपुढे वारंवार दिसली की तिचा खण वाढवतो. दोन मुलं एकाच रॅकसमोर खोळंबताना दिसली, तर तिथला थोडा चालू माल समोरच्या बाजूला हलवतो. सगळ्यात चालणारा सगळा माल एकाच रॅकवर कोंबणं गर्दीच्या तासाला महागात पडतं.

नागपुरात ही मांडणी वर्षभर टिकत नाही. फेब्रुवारी लागला की कूलरचे पंप आणि मोटर पुढे येतात, गीझरचे एलिमेंट मागे जातात. पाऊस स्थिरावला की पंप पुन्हा मागे. खणाचा नंबर कधीच बदलत नाही, फक्त त्यातली वस्तू बदलते, आणि बदल त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर चढलाच पाहिजे. अदलाबदलीला मजुरी लागते, म्हणून बिलांतल्या क्रमात एक-दोन जागा खालीवर झालेल्या वस्तूंना आम्ही हात लावत नाही. पहिल्या रांगेत आलेल्या किंवा तिथून बाहेर पडलेल्या वस्तूच हलवतो.