ब्लॉकली मेझची दहावी लेव्हल, रेवा आणि गच्चीवरची आजी

ब्लॉकली गेम्स हा गूगलमधून निघालेला मोफत खेळांचा संच आहे. blockly.games उघडलं की ब्राउझरमध्येच चालतो. त्यातल्या Maze या खेळात एक छोटा माणूस भुलभुलैयात उभा असतो आणि त्याला खुणेपर्यंत पोचवायचं असतं. टाईप काहीच करायचं नाही. सूचनांचे रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक जोडायचे आणि Run Program दाबायचं. माझ्या दहा वर्षांच्या रेवाला मी हाच खेळ दिला, त्यामागे कारण होतं. त्याआधी ती इथे इंदूरमध्येच एका कोडिंग क्लासला जात होती. तिथे पहिल्या दिवसापासून कोड टाईप करायला लावायचे. एक कंस राहिला की लाल ओळी दिसायच्या आणि सगळा तास तो कंस शोधण्यात जायचा. विचार चुकला की बोट चुकलं, हे या वयात कळायला मार्गच नसतो. ठोकळे चुकीच्या जागी बसतच नाहीत, त्यामुळे जे चुकतं ते विचारातलंच असतं.

या खेळाची खरी ताकद मला ठोकळ्यांच्या मर्यादेत दिसली. पहिल्या दोन लेव्हलना हवे तेवढे ठोकळे वापरता येतात. तिसरीत एक सरळ लांब गल्ली आहे आणि ठोकळे फक्त दोनच. रेवाने सवयीने 'पुढे जा', 'पुढे जा' असे दोन ठोकळे लावले आणि माणूस मध्येच थांबला. बराच वेळ ती "ठोकळे कमी दिलेत" म्हणत राहिली. मग तिने 'खुणेपर्यंत परत परत कर' हा ठोकळा उचलला आणि त्याच्या पोटात एकच 'पुढे जा' ठेवला. लेव्हल सुटली की तुम्ही जे जोडलं त्याचाच कोड पडद्यावर दिसतो:

```
while (notDone()) {
  moveForward();
}
```

क्लासमध्ये जिने तिला रडवलं होतं ती ओळ आता तिच्याच कामाचं उत्तर म्हणून समोर आली. चौथ्या लेव्हलला वाट जिन्यासारखी तिरपी जाते आणि ठोकळे पाच. तिथे आपल्याला नेमकं काय 'परत परत' करायचं आहे, हे शोधावं लागतं. पुढे, डावीकडे, पुढे, उजवीकडे: हे तिने बोटाने पडद्यावर गिरवून काढलं. सहावीपासून 'डावीकडे वाट असेल तर' असा प्रश्न विचारणारा ठोकळा येतो आणि नववीत त्याला 'नाहीतर' जोडता येतं. या लेव्हल तिने आपल्या वेगाने पार केल्या, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

दहावीला मात्र आम्ही अडकलो. भुलभुलैया गुंतागुंतीचा, ठोकळे दहा आणि सूचना एवढीच, की डाव्या हाताची भिंत धरून चाला. रेवाने जे लावलं ते ऐकायला अगदी बरोबर होतं: डावीकडे वाट असेल तर डावीकडे वळ, नाहीतर, समोर वाट असेल तर पुढे जा, नाहीतर उजवीकडे वळ. माणूस निघाला, पहिल्या फाट्यावर वळला, पुन्हा वळला आणि आला त्या वाटेने मागे चालू लागला. खेळात चालू असलेला ठोकळा उजळतो, त्यामुळे एकच ठोकळा लागोपाठ दोनदा उजळतोय हे तिला दिसत होतं. का, ते कळत नव्हतं.

उत्तर मला माहीत होतं, पण सांगायचं नाही हे ठरवलं होतं. संध्याकाळी रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर खडूने तो फाटा आखला. सासूबाई माणूस झाल्या आणि रेवा प्रोग्रॅम. अट एकच: आजीने स्वतःचं डोकं वापरायचं नाही, विचारेल तेवढंच सांगायचं आणि सांगेल तेवढंच करायचं.

"आजी, डावीकडे वाट आहे का?"

"आहे."

"मग डावीकडे वळ. आता पुन्हा पहिल्यापासून. डावीकडे वाट आहे का?"

आजीने डावा हात पसरून पाहिलं. "आहे की. आत्ता आले तीच वाट."

"मग... डावीकडे वळ."

"अगं, तू तर मला परत जिन्याकडे धाडतेस!"

रेवा तिथेच खडू घेऊन बसली. आजी वळली की तिचा 'डावा' बदलतो आणि प्रोग्रॅमला मघाचं काही आठवत नाही, तो दर फेरीला नव्याने विचारतो. म्हणजे वळल्यावर प्रश्न येण्याआधी आजीला एक फरशी पुढे न्यायला हवं. ती खाली पळाली आणि 'डावीकडे वळ'च्या खाली एक 'पुढे जा' बसवला. दहापैकी सातच ठोकळे लागले:

```
while (notDone()) {
  if (isPathLeft()) {
    turnLeft();
    moveForward();
  } else {
    if (isPathForward()) {
      moveForward();
    } else {
      turnRight();
    }
  }
}
```

बंद गल्लीत काय होतं, हे तिने मला समजावून सांगितलं. डावीकडे नाही, समोर नाही, म्हणून उजवीकडे वळला. पुन्हा दोन्ही नाही, पुन्हा उजवीकडे वळला. आणि आता समोर आलेली वाट आहे. 'मागे फिर' असा ठोकळाच नाही, तरी माणूस मागे फिरतो. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने गच्चीच्या मधोमध खडूने फुली काढली आणि आजीला कठड्याशी उभं केलं. म्हणाली, "आता भिंती नाहीत, सोपं आहे." आजी डाव्या हाताला कठडा धरून निघाली. कोपरा आला की उजवीकडे, पुन्हा सरळ. पूर्ण फेरी झाली, दुसरी सुरू झाली, मधली फुली तशीच. डाव्या भिंतीची युक्ती चालते ती खूण त्याच भिंतीच्या कडेने गाठता येत असेल तरच. बाहेरच्या भिंतीपासून सुटी, मधोमध असलेली जागा तिला कधीच सापडत नाही. दहाव्या लेव्हलचा नकाशा तसा नाही, म्हणून तिथे ती चालते.

"पण आजी अडकली हे प्रोग्रॅमला कळणार कसं?" मी विचारलं. रेवाने आजीच्या प्रत्येक फरशीवर तिच्या तोंडाच्या दिशेने बाण काढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने म्हणाली, नुसती तीच फरशी पुन्हा आली तर चालेल, बंद गल्लीतून परततानाही ती येते. पण तीच फरशी आणि तोच बाण आला, की पुढचं सगळं आधीसारखंच होणार. त्यावर आजी म्हणाली, "मग मला बसू दे गं, पाय दुखले."

हे बाण प्रोग्रॅमने लक्षात ठेवायला हवेत, आणि Maze मध्ये लक्षात ठेवणारा ठोकळाच नाही. एमआयटीत तयार झालेल्या स्क्रॅच या ठोकळ्यांच्याच भाषेत तो आहे: Make a Variable दाबून नाव द्यायचं, आणि जास्त नोंदी ठेवायच्या तर यादी करायची. म्हणून सध्या आम्ही स्क्रॅचमध्ये गच्ची काढतोय. प्रत्येक फरशीला क्रमांक दिलाय, दिशांना चार अंक, आणि दोन्ही मिळून एक नोंद यादीत जाते. यादीत आधीच असलेली नोंद पुन्हा आली की स्क्रॅचमधल्या मांजराने थांबून "अडकलो" म्हणायचं, एवढं जमलंय. अडकल्यावर भिंत सोडून मध्ये कसं शिरायचं, यावर रेवा आणि आजी यांचं अजून एकमत झालेलं नाही.