रोल नंबर 23 ला पाठवलेला मेसेज

स्मरणिकेच्या कमिटीतून फोन आला की शाळेनं तुला काय दिलं यावर लिही, एक पान बास. मी म्हटलं लिहिते. आणि मग लक्षात आलं की खरं सांगायचं तर शाळेनं मला दोन गोष्टी दिल्या, एक रोल नंबर 23 आणि दुसरी पत्रलेखन, आणि दुसरीचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला तो पण पहिल्यासाठीच. एक पान पुरणार नाही, आधीच सांगते.

आमची दहावी 2008 ची. रोल नंबर 23 मुलांच्या रांगेत तिसऱ्या बाकावर, मी मुलींच्या रांगेत तिसऱ्या, मधे चालायची वाट. सातवीत कंपासपेटी दिली-घेतली इथून सुरू झालेली मैत्री कॉलेज, नोकऱ्या, सगळं पार करून टिकली. आवडायला कधी लागला ते नक्की सांगता येत नाही, पण बारावीनंतर तरी नक्कीच. मी गप्प. त्यालाही एक-दोन मुली आवडून गेल्या, त्याच्या कहाण्या मीच रंकाळ्यावर भेळ खात ऐकल्या, वर सल्ले पण दिले. (चांगले दिले हो. स्वतःच्या विरोधात जाऊन दिले.)

शेवटी जानेवारी 2020 मध्ये सांगायचं ठरवलं, कारण घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि प्रत्येक वेळी 'नको' म्हणायला मला कारण सुचेना. समोरासमोर का नाही? मला भीती नव्हती असं नाही, पण मुख्य कारण वेगळं होतं. समोर बसून सांगितलं की समोरच्याला त्याच क्षणी तोंडावर काहीतरी भाव आणायला लागतो, तो जो काही आणेल तो मी आयुष्यभर लक्षात ठेवणार, आणि बिचाऱ्याला विचार करायला दोन मिनिटं पण मिळणार नाहीत. मेसेज वाचताना माणूस एकटा असतो, पाहिजे तसं तोंड करू शकतो.

मग लिहायला बसले. चॅटमध्ये नाही, फोनच्या नोट्समध्ये, कारण चॅटमध्ये टाइप केलं की पलीकडे 'टायपिंग' दिसतं आणि तो नेमका ऑनलाइन असला तर अर्धा तास बघत बसणार की ही काय महाभारत लिहिते.

पहिला ड्राफ्ट तीन स्क्रीन भरून. त्यात सातवीपासूनचं सगळं होतं, आणि 2019 चा पूर पण होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्याचं घर शाहूपुरीत, ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा त्याच्या घरचे सगळे आठ दिवस आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी राहिले होते. मी भावुक होऊन लिहिलं होतं की त्या आठ दिवसांत तू स्वयंपाकघरात आईला भाकऱ्या करू लागलास तेव्हा मला वाटलं वगैरे वगैरे. रात्री लिहिलं, छान वाटलं, झोपले.

सकाळी वाचताना मराठीच्या बाई आठवल्या. नववीत त्या पत्राचे प्रकार शिकवायच्या, मागणीपत्र, विनंतीपत्र, तक्रारपत्र, आणि वही परत देताना म्हणायच्या, "पत्र ज्याला पाठवायचंय त्याच्या खुर्चीत बसून वाच, मग पाकिटात घाल." मी त्याच्या खुर्चीत बसले. आणि शप्पथ सांगते, ते मागणीपत्र होतं. पंधरा वर्षांचा हिशोब आणि खाली येणे बाकी. ज्या माणसाच्या आईवडलांना आम्ही आठ दिवस जेवू घातलं त्याला मी पुराची आठवण करून देऊन विचारत होते की मी तुला आवडते का. तो नाही कसा म्हणणार? म्हणाला असता तरी त्याला आपण उपकार विसरलो असं वाटलं असतं, आणि हो म्हणाला असता तर मला कधीच कळलं नसतं की कशासाठी म्हणाला. सगळा पूर काढून टाकला.

दुसरा ड्राफ्ट दोन ओळींचा, हसण्यावारी नेलेला. "अरे आपण दोघं लग्न केलं तर काय भारी होईल ना, हाहाहा." हा तर सगळ्यात वाईट. यात माझी पळवाट शाबूत आणि गोंधळ त्याच्या गळ्यात. तो पण हसून सोडून देणार, मग मी आठवडाभर त्या हसण्याचा अर्थ लावत बसणार, आणि दोन महिन्यांनी पुन्हा एक विनोद. मैत्री नकारानं तुटत नाही, असल्या अर्धवट विनोदांनी तिला वाळवी लागते.

तिसऱ्यात मी शहाणी झाले होते असं मला वाटलं. त्यात दोन वाक्यं होती जी सगळेच लिहितात. एक, "तू नाही म्हणालास तरी मला काही वाटणार नाही." दुसरं, "काहीही झालं तरी आपली मैत्री तुटता कामा नये." पहिलं सरळ सरळ खोटं. मला वाटणारच होतं, आणि मग मी दोन दिवस गप्प राहिले की त्याला वाटणार ही रुसली, म्हणजे आपणच काहीतरी चुकलो. दुसरं वाक्य तर दिसायला गोड पण आतून दमदाटी. मैत्री तुटू द्यायची नाही ही जबाबदारी मी त्याच्यावर ढकलत होते, उद्या तो चार दिवस अवघडला तरी तो वचन मोडणारा. हे वाक्य काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मला तेच तर पाहिजे होतं ना.

मग कळलं की मैत्री सांभाळायची तर तिचं नावच काढायचं नाही, त्याऐवजी पुढच्या पंधरा दिवसांत नेमकं काय होणार ते लिहायचं. आमचा ग्रुप रविवारी शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघायला जायचा, पेठेची टीम असली की हमखास. त्यावर सगळं बेतलं. शेवटी जो पाठवला तो असा, जसाच्या तसा देते, त्याची परवानगी घेतलेली आहे:

"एक सांगायचंय, एकदाच सांगतो. मला तू आवडतोस, मैत्रीच्या पलीकडचं, बरीच वर्षं झाली. तुझ्या मनात तसं नसेल तर नुसतं नाही लिही, का ते मी विचारत नाही. वाईट वाटेल मला, पण ते माझं मी बघतो. पुढच्या रविवारी मॅचला येत नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो आणि नेहमीसारखाच येतो. मधल्या दिवसात गप्प असलो तर रुसलोय असं समजू नको. घरात किंवा ग्रुपमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. शुक्रवारपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही तर नाही असंच समजतो, परत विषय काढत नाही."

बाहेरगावच्या वाचकांसाठी, 'सांगतो, बघतो' हे मुलगीच लिहितेय, आम्ही कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतो. बाईंनी लाल शाईनं किती वेळा दुरुस्त केलं पण नाही सुटलं. आणि मुद्दाम तसंच ठेवलं, प्रमाण मराठीत 'मी तुला सांगू इच्छिते' असं लिहिलं असतं तर त्याला वाटलं असतं घरात कोणीतरी गेलं.

ग्रुपमध्ये आधी न सांगण्याचं पण सांगते, कारण तिथंच बरेच जण गाळात जातात. एकाला सांगितलं की मॅचला सगळे गालातल्या गालात हसणार, दोघांना शेजारी बसवणार, आणि मग त्याचा नकार मला राहत नाही, सात जणांना द्यायला लागतो. तारीख का घातली? कारण 'विचार करून सांग' म्हटलं की त्याला संपत नाही असा गृहपाठ दिल्यासारखं होतं, आणि मी महिनोन् महिने आशेवर.

पाठवायची वेळ पण ठरवली होती. तो फाउंड्रीत, सुट्टी सोमवारी. म्हणून रविवारी संध्याकाळी सातला, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाला तोंड दाखवायला नको. रात्री बारा वाजता तर मुळीच नाही, रात्रीचे मेसेज रात्रीचेच वाटतात.

सात वाजून चार मिनिटांनी निळ्या टिक. मी फोन कपाटात ठेवून गंगावेशीला चालत गेले, धारोष्ण दूध प्यायले, परत आले. मेसेज होता, "वाचलं. उद्या लिहितो."

सोमवारी दुपारी लिहिलं. "माझ्या मनात तसं कधी आलं नाही गं. खोटं बोलून हो म्हणू शकत नाही. सांगितलंस ते बरं केलंस." माझं उत्तर मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'नाही' असं उत्तर आलं तर काय पाठवायचं ते, कारण त्या वेळी डोकं चालणार नाही हे माहीत होतं. "बरं. भेटू त्या रविवारी." एवढंच. मग रडले ते वेगळं.

आता घोळ. बुधवारी रात्री साडेदहाला मला राहवलं नाही, मी पाठवलं, "जेवलास का?" दिसायला काय आहे त्यात, हजार वेळा विचारलेलं. पण मीच सांगितलं होतं गप्प राहते म्हणून, आणि त्या आठवड्यात त्या प्रश्नाचा अर्थ जेवण नव्हता, 'अजून काही बदललं का' असा होता. त्याला बरोबर कळलं. "हो" आलं, पुढं काही नाही. मेसेज कितीही घासूनपुसून लिहिला तरी त्यात लिहिलेलं पाळायचं काम नंतर उरतंच, ते मला तेव्हा कळलं. फोन परत कपाटात.

दुसऱ्या रविवारी गेले. तो पायऱ्यांवर होता, म्हणाला, "आलीस व्हय, सरक तिकडं, ऊन येतंय." पहिला हाफ दोघंही जरा जास्तच मोठ्यानं ओरडलो. दुसऱ्या हाफमध्ये रेफरीनं पेनल्टी दिली नाही आणि मग दोघं खरंच चिडलो.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मात्र लिहिणार नाही. रात्री दहानंतरचे फोन बंद झाले, मीच केले. त्याचं स्थळ बघायला सुरुवात झाली ते त्यानं मला सहा महिने सांगितलं नाही, मला दुसरीकडून कळलं आणि ते नकारापेक्षा जास्त लागलं. पुढं 2022 मध्ये त्याचं लग्न झालं, अक्षता टाकायला मी होते, जेवणाच्या पंगतीत वाढायला पण होते. बायकोला त्यानं साखरपुड्याआधीच सांगितलं होतं.

मागच्या वर्षी मी त्याला विचारलं की त्या मेसेजमधलं काय कामाला आलं. मला वाटलं 'का ते विचारत नाही' म्हणेल. तो म्हणाला, "रविवार. अवघडलेपण कधी संपणार त्याची तारीख कळली ना, तेवढं पंधरा दिवस काढायचे होते." आणि काय नाही आवडलं? "नुसतं नाही लिही म्हणालीस ते. एवढ्या वर्षांच्या दोस्ताला मी एका शब्दात उडवतो व्हय?" हे मला सुचलंच नव्हतं. त्याच्या खुर्चीत बसून वाचलं होतं म्हणे मी.

हा लेख छापायला देण्याआधी त्याला पाठवला. दोन तासांनी एकच दुरुस्ती आली, की रेफरीनं पेनल्टी दिली नाही ते बरोबरच होतं, तुझा ऑफसाइडचा पण अभ्यास कच्चा आहे. मी तो भाग बदललेला नाही. पेनल्टीच होती.