तारीख पुढे गेली, पण तारखेवर भांडण झालं नाही

"ताई, दुसरा हप्ता अडकला तेव्हा गुंतवणूकदाराला तुम्ही असं काय लिहिलंत, की त्यांनी पुढची तारीख मान्य केली?"

खरं सांगायचं तर पहिलं पत्र मी चुकीचंच लिहिलं होतं. "काम प्रगतीपथावर आहे, थोडा उशीर झाला आहे, लवकरच टप्पा पूर्ण होईल," अशी दोन पानं आणि सोबत मशीनचे आठ फोटो. पुण्याच्या गुंतवणूकदाराकडून दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "मॅडम, करारात फोटो नाहीत, टन आहेत." त्यांचं बरोबर होतं. तो दिवस मी घालवला आणि १६ डिसेंबरला नव्याने लिहायला बसले.

आमचं कळमेश्वरला संत्र्यांचं ग्रेडिंग आणि पॅकिंग युनिट आहे. काटोल, नरखेडकडून माल येतो. तो धुऊन, मेण लावून, आकाराप्रमाणे निवडून क्रेटमध्ये भरतो आणि बंगळूर, दिल्लीकडे पाठवतो. करारात साठ लाखांचा दुसरा हप्ता एका अटीवर होता. १५ डिसेंबरपर्यंत नव्या लाईनवरून १५० टन माल निघालेला, विकलेला आणि त्याचे पैसे खात्यात आलेले असले पाहिजेत. लाईन सुरू व्हायची होती दसऱ्याच्या आसपास. इलेक्ट्रिकल पॅनल पाच आठवडे उशिरा आलं आणि ती सुरू झाली २४ नोव्हेंबरला. पॅनल बनवणाऱ्याने उशीर केला हे खरं, पण ऑर्डरच आम्ही वीजभार मंजूर होईपर्यंत दिली नव्हती, हेही तितकंच खरं. पत्रात दोन्ही लिहिलं, दोन वाक्यांत, आणि कारणांचा विषय तिथे संपवला. कारण कितीही खरं असलं तरी त्याने टन वाढत नाहीत.

पत्राची सुरुवात मी कराराच्या वाक्याने केली. माइलस्टोनचं वाक्य शब्दशः उतरवलं, माझ्या भाषेत नाही. मग लगेच आकडा: "१५ डिसेंबरअखेर लाईनवरून निघालेला माल ८८ टन. त्यातली सहा टनांची एक गाडी दिल्लीला फळ पोचट निघालं म्हणून नाकारली गेली. ती मोजत नाही. मोजण्याजोगा माल ८२ टन. टप्पा पूर्ण झालेला नाही." हे शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पण ते नसतं, तर पुढच्या पुराव्याकडे कोणी नीट पाहिलं नसतं असं मला वाटतं. नाकारलेली गाडी आपणहून वजा केली म्हणून उरलेल्या ८२ टनांवर विश्वास बसला.

आता पुराव्याचं. हा आमच्या धंद्यात अवघड भाग आहे, कारण ताज्या फळांवर जीएसटी नाही आणि ई-वे बिलही लागत नाही. कारखान्यातल्या मालाचं ई-वे बिल पोर्टलवर असतं, त्यावर गाडी नंबर, तारीख, किंमत सगळं येतं. आमच्याकडे फक्त आम्हीच छापलेलं बिल ऑफ सप्लाय असतं आणि स्वतः छापलेल्या कागदाला कोणी पुरावा मानत नाही. म्हणून प्रत्येक गाडीमागे चार कागद लावले: वजनकाट्याची पावती, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी, आमचं बिल आणि बँकेत आलेली रक्कम. चारपैकी तीन कागद दुसऱ्यांनी बनवलेले. यातला एक जरी कागद शेवटपर्यंत मिळाला नाही, तर ती गाडी मोजायची नाही, असं आम्हीच ठरवलं.

एक गाडी पत्रात नमुना म्हणून उलगडून दाखवली. काट्यावर भरलेली गाडी १४,२६० किलो, रिकामी ७,८४०, म्हणजे माल ६,४२० किलो. पण बिल होतं ५,८८० किलोचं. इथे कुणीही म्हणेल की ताई, पाचशे चाळीस किलो कुठे गेले? ते क्रेटचं वजन. बिलात २९४ क्रेट, प्रत्येकात २० किलो फळ. रिकामा क्रेट १.८ किलोचा, म्हणजे सगळे मिळून साधारण ५२९ किलो. फळ आणि क्रेट मिळून ६,४०९ होतात, काट्याशी फरक फक्त ११ किलोचा. हा हिशोब आधीच मांडला नसता तर त्यांच्या माणसाने पहिल्याच गाडीवर बोट ठेवलं असतं आणि मग सगळ्या फाईलवर. आणखी एक लक्षात ठेवा: काट्याची पावती बऱ्याच ठिकाणी थर्मल कागदावर निघते आणि लवकर पुसट होत जाते. आमच्या सुरुवातीच्या दोन गाड्यांच्या पावत्या अशाच पुसट झाल्या होत्या. काटेवाल्याकडे जाऊन, त्याच्या कॉम्प्युटरमधून त्या परत काढून शिक्क्यासह घेतल्या. तेव्हापासून पावती आली की त्याच दिवशी झेरॉक्स.

मग तारीख. इथे मोह फार मोठा असतो. लाईनची क्षमता ताशी दोन टन. आठ तासांचे १६ टन धरले, तर उरलेले ६८ टन पाच दिवसांत होतात आणि २० डिसेंबर लिहायला हात शिवशिवतो. पण लाईन सुरू झाल्यापासून २२ दिवसांत मोजण्याजोगे ८२ टनच निघाले होते, म्हणजे दिवसाला पावणेचार टनांपेक्षाही थोडे कमी. त्यात लाईन बंद असलेले दिवस आले, मजूर न आलेले दिवस आले, बागेतून माल न निघालेले दिवस आले. हाच खरा वेग. त्या वेगाने १५० टन ३ जानेवारीला होत होते. डिसेंबर संपता संपता आंबिया बहाराचा माल विरळ होत जातो, म्हणून एक आठवडा वाढवून मी १० जानेवारी धरली.

पण टन भरले म्हणजे टप्पा झाला असं नाही, पैसे यायचे असतात. आमची व्यापाऱ्यांकडची वसुली सरासरी १२ दिवसांत होत होती. मात्र शेवटच्या गाडीचे पैसे आल्याशिवाय अट पूर्ण होत नाही, म्हणून सरासरी कामाची नाही. सगळ्यांत उशिरा देणाऱ्याचे दिवस धरायचे. ते १५ होते. म्हणजे २५ जानेवारी. मध्ये सव्वीस जानेवारीची सुट्टी, सीएचं प्रमाणपत्र ३० तारखेला, गुंतवणूकदाराच्या माणसाची तपासणी एक आठवडा, म्हणजे ६ फेब्रुवारी.

इथवर मी स्वतः आले होते. पुढचं मला आमच्या कंपनी सेक्रेटरीने दाखवलं आणि तिथे माझे डोळे उघडले. हप्त्याच्या बदल्यात गुंतवणूकदाराला शेअर द्यायचा विशेष ठराव आम्ही त्याच वर्षाच्या सुरुवातीला, २५ जानेवारीला केला होता. अशा ठरावावर १२ महिन्यांच्या आत शेअर वाटप व्हावं लागतं, नाहीतर ठराव पुन्हा करावा लागतो. हप्ता वेळेवर आला असता तर जुना ठराव चालला असता. आता चालणार नव्हता. नव्या सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची. भागधारकांच्या लेखी संमतीने ती मुदत कमी करता येते, पण आमचे एक भागधारक परदेशात असतात आणि त्यांच्या सहीसाठी धावाधाव करण्यापेक्षा पूर्ण नोटीस देणं सोपं होतं. ५ जानेवारीला नोटीस, २९ ला सभा. वसुलीची वाट पाहण्याच्या काळातच हे बसत होतं, त्यामुळे एक दिवसही वाढला नाही. सेक्रेटरीकडे महिन्याभराने गेले असते, तर सबंध महिना गेला असता.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. ठराव एमजीटी-१४ फॉर्मने रजिस्ट्रारकडे दाखल करायचा, मग ऑफर लेटर, मग पैसे वेगळ्या बँक खात्यात, मग संचालक मंडळाने शेअर वाटप करायचं आणि पीएएस-३ फॉर्म भरायचा. हा फॉर्म दाखल होईपर्यंत ते पैसे वापरता येत नाहीत. खात्यात दिसतात, हात लावता येत नाही. म्हणून पत्रात मी दोन तारखा दिल्या: पैसे येतील १३ फेब्रुवारीला, वापरता येतील २० फेब्रुवारीला. बरेच जण पहिलीच तारीख सांगतात आणि पगार तिच्यावर ठरवतात.

शेवटी मागणी, एकच. करारात लाँग स्टॉप डेट ३१ जानेवारी होती. ती ओलांडली की हप्ता देणं त्यांच्यावर बंधनकारक राहत नव्हतं. "ही तारीख २८ फेब्रुवारी करावी, दोघांच्या सहीच्या पुरवणी पत्राने," एवढंच लिहिलं. फोनवर ते म्हणाले, "अहो, त्याची काही गरज नाही, आम्ही कुठे जातोय!" मी म्हटलं, सर, तुमच्या शब्दावर विश्वास आहे, पण तुमच्या फंडातला माणूस बदलला तर नव्या माणसाला मी काय दाखवू? त्यांनी चार दिवसांत सही करून पाठवलं. हातातला पैसा मार्चअखेरपर्यंत पुरतो, हेही पत्रात होतं, आणि १० जानेवारीपर्यंत १३० टनसुद्धा झाले नाहीत तर मी स्वतःहून नवी तारीख कळवीन, हेही. दर सोमवारी गाड्यांची यादी पाठवत राहिले, चांगला आठवडा असो वा वाईट.

१५० टन ८ जानेवारीला झाले. शेवटचे पैसे २४ ला आले. हप्ता १३ फेब्रुवारीलाच जमा झाला. आणि मग एका संचालकाची डिजिटल सही मुदत संपल्यामुळे चालेना, ते आम्हाला फॉर्म भरायला बसल्यावर कळलं. नवी सही मिळून पीएएस-३ दाखल झाला २३ ला, सांगितलेल्या तारखेपेक्षा तीन दिवस उशिरा. सही अडली त्याच दिवशी मी पुण्याला कळवलं आणि काटोलच्या बागायतदारांनाही, कारण मृग बहाराच्या मालाचा पहिला इसार २० तारखेला द्यायचा शब्द मी दिला होता. बागायतदारांपैकी दोघांनी तीन दिवस थांबू म्हटलं. तिसऱ्याने माल कळमन्याच्या बाजारात नेला. मी त्याच्या जागी असते तर मीही नेला असता.