बाजार जागेवर आला, माझे 94 हजार आले नाहीत

चि. सुनंदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. त्या म्युच्युअल फंडवाल्या गृहस्थांनी करून दिलेला तक्ता मी दोन दिवस पाहतोय. 60 लाख रुपये, दर वर्षी सरासरी 12 टक्के वाढ, त्यातून तू महिन्याला 40 हजार काढणार आणि 20 वर्षांनी मुद्दल वाढलेलंच असणार. बेरीज-गुणाकारात कुठेही चूक नाही. चूक आहे ती वर्षामागून वर्ष तोच 12 चा आकडा लिहिण्यात. वाढ तशी येत नाही. एका वर्षी 80 टक्के येते, एका वर्षी निम्मं जातं, आणि निवृत्त माणसाच्या बाबतीत कुठलं वर्ष आधी आलं यावर सगळं अवलंबून असतं. मी हे वाचून शिकलो नाही, स्वतःचा हिशेब जुळेना म्हणून शिकलो. तो हिशेब तुला सांगतो.

मी नोव्हेंबर 2007 अखेर बँकेतून निवृत्त झालो. आमची नागरी सहकारी बँक, त्यामुळे पेन्शन नावापुरती. पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार आणि विकलेल्या प्लॉटचे पैसे असे मिळून 20 लाख झाले. 10 लाख टपालातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि मुदत ठेवीत ठेवले. उरलेले 10 लाख डिसेंबर संपता संपता सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात घातले. दर जानेवारीत त्यातून 80 हजार काढायचे, वर्षाचा किराणा आणि औषधपाणी त्यात भागवायचं, असं ठरवलं. म्हणजे 8 टक्के. तुझ्या तक्त्यातही 60 लाखांवर वर्षाला 4 लाख 80 हजार आहेत, तेही 8 टक्केच. म्हणून तर तक्ता पाहून मला झोप लागली नाही.

2007 संपताना सेन्सेक्स 20,287 वर होता. 2008 संपताना 9,647 वर. जानेवारी 2009 मध्ये मी ठरल्याप्रमाणे 80 हजार काढले. मनात म्हटलं, आपण घाबरून सगळं विकलं नाही, शिस्तीने राहिलो, बाजार वर येईलच. आणि तो आलाही. 2009 मध्ये 81 टक्के वाढला आणि 2010 च्या शेवटच्या दिवशी 20,509 वर बंद झाला, म्हणजे मी पैसे घातले होते त्याच्याही थोडा वर.

त्या दिवशी मी वही घेऊन बसलो. बाजार जागेवर आला, तेव्हा माझे 10 लाखही जागेवर असायला हवेत, असं मी धरून चाललो होतो. तीन जानेवारींत मिळून 2 लाख 40 हजार काढले होते, फंडात 6 लाख 66 हजार शिल्लक होते. बेरीज 9 लाख 6 हजार. 94 हजार कमी. कॅश टॅली झाल्याशिवाय 36 वर्षांत एकदाही घरी गेलो नाही, आणि इथे 94 हजारांचा फरक! तुझ्या मामीने दोनदा जेवायला हाक मारली.

फरक सापडला तो रुपये सोडून युनिट मोजायला लागल्यावर. समजायला सोपं म्हणून युनिटचा भाव सेन्सेक्सचा शंभरावा भाग धर. (माझ्या खात्यातले आकडे लाभांश आणि फंडाचा खर्च यामुळे जरा वेगळे आहेत, पण चित्र हेच.) मी 202 रुपये 87 पैशांनी 4,929 युनिट घेतली. पहिल्या 80 हजारांसाठी 394 युनिट विकली गेली. जानेवारी 2009 मध्ये भाव 96 रुपये 47 पैसे होता, तेव्हा त्याच 80 हजारांसाठी 829 विकावी लागली. 2010 च्या जानेवारीत 458. मी दर वर्षी सारखेच पैसे काढत होतो, पण मधल्या वर्षी दुपटीहून जास्त युनिट हातची गेली. पुढे 81 टक्के वाढ झाली ती उरलेल्या युनिटांवर, विकलेली 829 त्या वाढीला हजरच नव्हती. ती ठेवली असती तर 2010 अखेर 1 लाख 70 हजारांची झाली असती. मला मिळाले 80 हजार. माझ्या 94 हजारांतले 90 हजार त्या एका जानेवारीत गेले होते.

आणि सुनंदा, त्या जानेवारीत माझ्याकडे बँकेत मुदत ठेव होती. मुदतीआधी मोडली तर व्याजात एक टक्का कापतात म्हणून मी तिला हात लावला नाही. 80 हजारांवर एक टक्का म्हणजे 800 रुपये. आयुष्यभर काउंटरवर बसून लोकांना "ठेव मोडू नका" सांगितलं, तोच नियम मी स्वतःला लावला आणि चुकीच्या जागी लावला.

तुला 2008 ची भीती वाटत नाही, हे तुझ्या पत्रातून दिसलं. कसं वाटेल? तेव्हा तू चाळिशीत होतीस आणि दर महिन्याला एसआयपीचे 3 हजार भरत होतीस. भाव निम्मा झाला तेव्हा तुला तेवढ्याच पैशांत दुप्पट युनिट मिळाली. तेच वर्ष, तसाच फंड. तू घेणारी होतीस आणि मी विकणारा. मंदी तुझ्या पथ्यावर पडली आणि माझ्या मुळावर आली. येत्या मार्चनंतर तू माझ्या बाजूला येतेस. इतकी वर्षं जो अनुभव तुझ्या कामी आला, तोच आता फसवेल.

क्रमाचा परिणाम किती मोठा असतो हे पाहायला मी नंतर एक गणित केलं. 2008 ते 2017 ही सेन्सेक्सची खरी दहा वर्षं घेतली. 10 लाख ठेवले आणि काहीच काढलं नाही, तर दहा वर्षांनी 16 लाख 79 हजार होतात. हीच वर्षं उलट्या क्रमाने मांडली, आधी 2017 आणि शेवटी 2008, तरी उत्तर तेच येतं, कारण गुणाकारात क्रम बदलून काही होत नाही. आता दोन्ही क्रमांत दर वर्षी आरंभी 80 हजार काढ. खऱ्या क्रमाने शेवटी उरतात 2 लाख 22 हजार. उलट्या क्रमाने उरतात 8 लाख 19 हजार. दोन्हीकडे काढलेली रक्कम 8 लाख, सरासरी वाढ तीच, आणि उलट्या क्रमात तर शेवटच्या वर्षी निम्मं बुडतं, तरी पावणेचारपट फरक. तक्त्यातल्या सरासरीला हा फरक दिसतच नाही.

मग करायचं काय? मला दोनच गोष्टी उपयोगी पडलेल्या दिसल्या. पहिली, कमी काढणं. त्याच वाईट क्रमात 80 ऐवजी दर वर्षी 40 हजार काढले, तर दहा वर्षांनी साडेनऊ लाख शिल्लक राहतात. मी हे गणित तीनदा तपासलं, कारण काढलेल्या रकमेतला फरक आहे 4 लाखांचा आणि शिल्लक मात्र सव्वासात लाखांनी वाढते.

दुसरी, तीन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवणं. 10 लाखांतले 2 लाख 40 हजार 7 टक्क्यांच्या ठेवीत, बाकीचे फंडात. नियम एकच, आधीचं वर्ष घसरणीचं गेलं असेल तर त्या जानेवारीत ठेवीतून काढायचं, नाहीतर फंडातून. खऱ्या क्रमात असं केलं असतं तर 80 हजार काढूनही दोन्ही मिळून 4 लाख 95 हजार उरले असते, म्हणजे 2 लाख 22 हजारांच्या दुपटीहून जास्त. उलट्या क्रमात साडेआठ लाख, म्हणजे जवळपास आधीइतकेच. मी 2012 च्या जानेवारीपासून असंच करत आलोय. 2011 मध्ये बाजार 25 टक्के पडला होता, तेव्हा पहिल्यांदा ठेव मोडली आणि दंड भरला.

पण ही तीन वर्षांची ठेव सगळ्या संकटांना पुरेल असं समजू नकोस. एप्रिल 1992 मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांजवळ गेला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल 2003 अखेर, तो 3 हजारांच्याही खाली होता. मी तेव्हा नोकरीत होतो म्हणून फारसं जाणवलं नाही. अशा दीर्घ काळात ठेव तीन वर्षांत संपते आणि मग पडलेल्या भावात विकावंच लागतं. तिथे कमी काढणं एवढाच उपाय उरतो. शिवाय माझ्या गणितात काढायची रक्कम दहा वर्षं तीच धरली आहे. महागाईप्रमाणे ती वाढवत नेलीस तर पैसे आणखी लवकर आटतील.

आता तुझ्या 60 लाखांचं. 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाल, एका व्यक्तीला तेवढीच मर्यादा आहे. सध्या 8.2 टक्के व्याज आहे, दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिना 20,500. खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. तू 58 व्या वर्षी निवृत्त होतेस, 60 पूर्ण नाहीत, म्हणून निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायला हवं. ही तारीख चुकवू नकोस. व्याजावर कर लागतो, तोही धर.

घरखर्च महिना 31 हजार आणि बाकी 9 हजार प्रवासाला, असं तू लिहिलंस. मग घरखर्चासाठी उरलेल्या 30 लाखांतून महिन्याला साडेदहा हजारच काढावे लागतील, वर्षाला 1 लाख 26 हजार, म्हणजे साधारण 4 टक्के. त्यातले 4 लाख वेगळ्या ठेवीत ठेव, तीन वर्षं निघतील. बाकीचे 26 लाख फंडात राहू देत. प्रवासाचे पैसे फक्त बाजार वर गेलेल्या वर्षानंतर काढ. पडलेल्या वर्षानंतर चारधाम एक वर्ष पुढे ढकललीस तर बिघडत नाही, पण त्या वर्षी विकलेली युनिट परत येत नाहीत.

त्या गृहस्थांना एक काम सांग. हाच तक्ता पुन्हा करा म्हणावं, पण 12 टक्क्यांच्या जागी 2008 पासूनची खरी वर्षं ओळीने घाला. नाही म्हणाले तर मला कळव, मी वहीवर करून पाठवतो. आणि मार्चच्या आधी एक रविवार मिरजेला ये, येताना पीएफची स्लिप आण. खात्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आताच पाहून ठेव. आमच्या बँकेत कितीतरी लोकांचे पैसे तेवढ्यासाठी अडकलेले मी पाहिले आहेत.

मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा