सहाव्या फासळीची चीर

काकूंच्या हातात एक्स-रे आणि वर कागद: 'नॉर्मल'. महिनाभर खोकल्याची ढास, डाव्या छातीत कळ, श्वास अर्ध्यावर अडकतोय. आधीच्या दवाखान्यात ईसीजी झाला होता, तोही साफ. निदान लिहिलं होतं कॉस्टोकॉन्ड्रायटिस, म्हणजे फासळी छातीच्या मधल्या हाडाकडे जाताना जी कूर्चा लागते तिच्या सांध्याला आलेली सूज. मी बोट ठेवून पाहिलं. मधल्या हाडाच्या डाव्या कडेने तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फासळीच्या टोकाशी काकू कळवळल्या. वरून फुगवटा नव्हता. निदान अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच कुणी पुढे पाहिलं नव्हतं.

खोकल्याने छाती दुखते तेव्हा अनेकदा हेच असतं. दुखरी जागा पुढे, एकापेक्षा जास्त सांध्यांवर, दाबलं की नेमकी तीच कळ. पण मी एक हात पाठीच्या कण्यावर आणि दुसरा छातीच्या मधल्या हाडावर ठेवून पिंजरा हलकेच दाबला, तर काकूंनी पुढे हात नेलाच नाही. काखेखाली चार बोटांवर हात गेला. "इथं, डॉक्टर, इथं!" मी ज्या जागेला हातही लावला नव्हता तिथे दुखलं. फासळी म्हणजे वाकवलेली कामटी. दोन्ही टोकांनी दाबली की जिथे चीर गेलीय तिथेच ती बोलते.

"खोकताना कधी आवाज आला होता का?"

"आला की. पंधरा दिवस झाले. रात्री कट्‌ झालं. यांना म्हटलं, काय तरी मोडलं. हे म्हणाले, झोप."

आबा खाली मान घालून बसले. पंधरा दिवसांत काकूंनी हे दोन ठिकाणी सांगायचा प्रयत्न केला होता. दोन्हीकडे गर्दी होती.

खोकल्याने फासळी तडकते ती बहुधा पाचव्या ते नवव्यातली, आणि बाजूला. तिथे खांद्याच्या पात्याकडे जाणारा स्नायू फासळी वर ओढतो आणि पोटाचा स्नायू खाली. प्रत्येक ढाशीला ही ओढाताण होते. निरोगी हाड सहसा ती सोसतं. काकूंचं का सोसलं नाही याचं उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर होतं: गोल, सुजल्यासारखा. हाताची कातडी कागदासारखी, त्यावर जांभळे डाग. दम्यासाठी त्या कुणाकडून तरी पुड्या आणत होत्या, वर्षानुवर्षं. "झाडपाल्याचं आहे, बाधत नाही." असल्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड कुटलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं घेतलं की हाडं ठिसूळ होतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि पुड्या राजरोस विकल्या जातात.

एक्स-रेवर अशी बारीक चीर अनेकदा दिसतच नाही, विशेषतः तुकडे जागचे हलले नसतील तर. म्हणून काकूंना सोनोग्राफीला पाठवलं. रेडिओलॉजिस्टने फोनवरच कुरकुर केली, "फासळीची सोनोग्राफी कोण करतं?" मी गेलो आणि सांगितलं, उथळ भागाचा सरळ प्रोब घ्या, फासळीच्या लांबीला धरून, काकू बोट ठेवतील तिथेच. पडद्यावर हाडाची पांढरी रेघ सलग यायला हवी. सहाव्या फासळीवर ती मध्येच तुटून पायरीसारखी खाली उतरली होती, जेमतेम मिलिमीटरभर. फुप्फुसाचं आवरण मात्र श्वासागणिक नीट सरकत होतं, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचलेली नव्हती. मग रेडिओलॉजिस्ट स्वतःच प्रोब पुढे मागे फिरवत राहिले.

कुणी म्हणेल, फरक काय पडला? दोन्हीला वेदनाशामक आणि विश्रांतीच. आबांनी तर मेडिकलमधून छातीचा पट्टा आणून करकचून बांधलाही होता. तो सोडवला, कारण दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, पट्ट्याने तो आणखी वरवरचा होतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. खोकताना उशी छातीशी दाबून धरायला शिकवलं. दर तासाला खोल श्वास, दुखलं तरी. थुंकीची क्षयासाठी तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. इनहेलर सुरू केला. पुड्या बंद केल्या, पण एकदम नाही. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, म्हणून मोजक्या गोळ्या देऊन त्या हळूहळू उतरवायला घेतल्या. हाडांची घनता तपासली, ती कमीच निघाली. नुसत्या 'कूर्चेला सूज' या निदानावर यातलं पुड्यांचं आणि हाडांचं काही झालं नसतं.

महिन्याभराने पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा सहाव्या फासळीवर भरत आलेल्या हाडाची गाठ स्पष्ट दिसली. बाजूची कळ गेली होती. पुढची अजून आहे, काकू भाकरी थापायला बसल्या की तिसऱ्या-चौथ्या फासळीशी. ती सूज खोकल्याचीच, की चीर सांभाळत वेडंवाकडं वागल्यामुळे रेंगाळली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पट्टा आबांनी मेडिकलवाल्याला परत नेला. वापरलेला घेत नाही म्हणाला.